रोज रात्री पाच कृतज्ञता : लेकीच्या वहीचं करायचं काय?

रानमेवा
लेक सहावीत आहे. जूनपासून वर्गात 'कृतज्ञता वही' सुरू झालीय. रोज रात्री पाच गोष्टी लिहायच्या, खाली पालकांची सही घ्यायची, सकाळी बाई तपासतात. वही नाही आणली तर डायरीत शेरा.

पहिला आठवडा मजेत गेला. आताच्या नोंदी जशाच्या तशा देते. सोमवार : "आई, बाबा, आजी, घर, जेवण." मंगळवार : "आजी, आई, बाबा, जेवण, घर." बुधवारी झोप येत होती म्हणून गुरुवारचं पानही त्याच बैठकीत लिहून टाकलं. म्हणजे उद्याची कृतज्ञता आजच उरकली.

या वहीचा खरंच काही फायदा असतो का? यावर संशोधन झालंय असं बाई म्हणतात. असेल तर ते नक्की काय सांगतं? आणि ही वही बंद न करता नीट कशी करता येईल? शाळेशी भांडायचं नाहीये, पण सहीसाठी रोज मागे लागायचा मला कंटाळा आलाय.

अवलिया७२
लेकीला म्हणावं, "आज सही लवकर मिळाली" हीसुद्धा एक कृतज्ञता होते. पाचातली एक रोजची सुटली.

सदाशिवपेठी
फायदा आहेच, ते सिद्ध झालेलं आहे. २१ दिवस सलग केलं की मेंदूला सवय लागते, मग आपोआप सकारात्मक विचार येतात. व्यायाम वाढतो, झोप सुधारते, आजारपण कमी होतं. मधे खंड पडू द्यायचा नाही एवढंच. तुमची मुलगी तिसऱ्या आठवड्याच्या आसपास कंटाळली असणार, नेमका तोच टप्पा महत्त्वाचा असतो.

मानसी_कु
सदाशिवपेठी, व्यायाम आणि झोप या दोन्ही गोष्टी अभ्यासांत आहेत. फक्त तुम्ही सांगताय तशा नाहीत.

हे सगळं जिथून सुरू झालं तो रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचा २००३ चा शोधनिबंध. त्यात तीन वेगवेगळे प्रयोग होते. पहिल्यात कॉलेजच्या मुलांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. म्हणजे रोज नाही आणि पाचच हव्यात असंही नाही. व्यायाम आठवड्याला सुमारे दीड तासाने जास्त, हा आकडा इथलाच. पण कोणापेक्षा जास्त? ज्या गटाला दर आठवड्याला आपल्या कटकटी लिहायला लावल्या होत्या, त्या गटापेक्षा. एकाला दहा आठवडे चांगलं आठवायला लावलं आणि दुसऱ्याला दहा आठवडे डोक्याचे ताप. मग दोघांत जो फरक पडला त्यात पहिला किती वर गेला आणि दुसरा किती खाली आला, हे कसं ओळखणार?

दुसरा प्रयोग रोजच्या लिखाणाचा होता, सुमारे दोन आठवडे चालला. मन:स्थितीत फरक दिसला, पण तब्येतीच्या तक्रारी आणि व्यायाम यांत काही दिसला नाही. झोपेचा निष्कर्ष तिसऱ्या प्रयोगातला. त्यात स्नायूंच्या आजाराचे ६५ प्रौढ रुग्ण होते आणि तो २१ दिवस चालला. तुमचे २१ दिवस तिथले असतील, तर एक लक्षात घ्या. ती प्रयोगाची मुदत होती. सवय लागायला किती दिवस लागतात, हे त्यात तपासलेलंच नव्हतं.

सदाशिवपेठी
मान्य. पण सुधारणा झाली एवढं तरी खरं ना?

मानसी_कु
झाली, पण लहान. पुढे असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले गेले. २०१६ मध्ये डॉन डेव्हिस आणि मंडळींनी केलेल्या आढाव्यात समाधानातला फरक साधारण ०.२ एवढा निघाला. मराठीत सांगायचं तर वही लिहिणाऱ्यांतला मधला माणूस न लिहिणाऱ्या शंभरातल्या ५८ जणांच्या पुढे असतो. काहीच परिणाम नसता तर तो ५० जणांच्या पुढे असता. एवढाच तो लाभ. आणि दुसऱ्या गटालाही मनाला बरं वाटेल असंच दुसरं काहीतरी करायला दिलं, तर हा फरक जवळजवळ शून्यावर येतो. नैराश्य आणि चिंता यांवर २०२१ मध्ये २७ अभ्यासांचा आढावा निघाला. तिथेही परिणाम लहानच, आणि उपचार म्हणून ही वही हातात देऊ नका असाच त्याचा सूर होता.

दिगूअण्णा
आमच्या मंडळाच्या वर्धापनदिनाला आभारप्रदर्शन माझ्याकडे आलं आहे. कृतज्ञता कशी व्यक्त करावी याचा एखादा नमुना असल्यास द्यावा. पाच मिनिटांचा पुरे.

अवलिया७२
अण्णा, धागा वेगळा आहे. तरी नमुना घ्या : "वेळेअभावी सर्वांची नावं घेत नाही." आभार सुरू झाले की लोक चपला शोधायला लागतात, तेवढ्यात हेच वाक्य पोचतं.

रानमेवा
मानसी, मग शाळेने पाच, रोज आणि सही हे कुठून आणलं?

मानसी_कु
सहीचं माहीत नाही, पण बाकीचं हवेतलं नाही. २००८ मध्ये जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहावी-सातवीच्या २२१ मुलांवर जवळजवळ हाच प्रयोग केला होता. अकरा वर्ग, रोज, पाचपर्यंत गोष्टी. काही वर्गांना कटकटी लिहायला दिल्या, काहींना काहीच नाही. सगळ्यात ठळक निष्कर्ष असा की कृतज्ञता लिहिणाऱ्या मुलांना शाळा जास्त आवडू लागली, आणि लिखाण थांबल्यावर तीन आठवड्यांनीही तो फरक टिकून होता. कोणत्याही मुख्याध्यापकांना आवडेल असाच निष्कर्ष आहे.

पण तो प्रयोग दोन आठवड्यांचा होता. तुमच्या शाळेने तो वर्षभर ताणलाय. औषधाचा कोर्स चौदा दिवसांचा असताना गोळ्या मार्चपर्यंत चालू ठेवल्यासारखं झालं.

आडवाटेवरचा
किती वेळा लिहावं यावर एक जुना अभ्यास आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला आठवड्यातून एकदा आणि दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा लिहायला लावलं, सहा आठवडे. समाधान फक्त एकदावाल्यांचं वाढलं. म्हणजे रोज लिहिणं चूकच, विषय संपला.

मानसी_कु
एवढ्या लवकर संपत नाही. मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांनी रोजच लिहिलं. एक आठवडाभर, झोपण्यापूर्वी, त्या दिवशी चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी. सहा महिन्यांनंतरही फरक दिसला, आणि आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपखुशीने ते चालू ठेवलं त्यांच्यात जास्त. दोन प्रयोग दोन दिशांना ओढतात. मला वाटतं, रोज की आठवड्याला यापेक्षा तेच तेच किती दिवस, हा प्रश्न मोठा आहे. पण हे माझं मत. दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून नीट सोडवलेला हा प्रश्न नाही.

सेलिगमनच्या सूचनेतला एक शब्द मात्र सगळे गाळतात. प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली, हे लिहायचं होतं. 'का' काढला की उरते ती यादी, आणि यादी पाठ होते. "आई, बाबा, आजी, घर, जेवण" हे वाण्याच्या चिठ्ठीसारखं झालंय, महिनाभर एकच चिठ्ठी पाठवायची.

आडवाटेवरचा
ठीक, 'संपला' मागे घेतो. पण पाचच्या सक्तीबद्दल आणखी एक सांगतो. नॉर्बर्ट श्वार्झ यांचा १९९१ चा प्रयोग आहे. लोकांना आपण ठामपणे वागलो असे प्रसंग आठवायला सांगितले. काहींना सहा, काहींना बारा. बारा प्रसंग लिहिणारे स्वतःला कमी ठाम समजू लागले. कारण सहा पटापट सुचतात, नंतर डोकं खाजवावं लागतं, आणि माणूस त्या खाजवण्यावरूनच ठरवतो की आपल्यात हा गुण नसावा. प्रयोग कृतज्ञतेचा नव्हता. पण चौथी-पाचवी गोष्ट सुचत नाही म्हणून पेन चावत बसलेलं पोर मनात काय ठरवत असेल? "माझ्या आयुष्यात चांगलं फार नाहीये", नाहीतर "मीच कृतघ्न आहे".

शिवारातली
तुम्ही आठवड्यातून एकदा की रोज यावर अडलाय. आमच्याकडे पोळा वर्षातून एकदाच येतो.

थट्टा सोडा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते बघा. बैल धुवायचे आणि जिथे जू बसतं तो खांदा हळद-तुपाने चोळायचा. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं त्यांना सांगायचं. पाठ नाही, शिंग नाही, खांदाच. ज्या जागेने ओझं वाहिलं ती जागा. मानसीताईंचं 'का' म्हणजे हेच ना?

मानसी_कु
अगदी हेच. इतकं नेमकं उदाहरण मला कुठल्या शोधनिबंधात मिळालेलं नाही.

पराणी
आणि पोळ्यानंतर? पोळ्याला पुरणपोळी, वर्षभर पराणीची टोचणी. एक दिवस हळद लावली की मालकाला छान वाटतं, बैलाच्या खांद्यावर जू तेच राहतं. ऑफिसातली 'धन्यवाद भिंत' हीच भानगड आहे. रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, प्रत्येकाने आठवड्याला तीन. नंतर शुक्रवारी चार वाजता लोक एकमेकांना "तू मला लिही, मी तुला लिहितो" करतात. पगारवाढीचं विचारलं की भिंत दाखवतात.

शिवारातली
पराणी वापरणारे खांदा मळतच नाहीत हो, चित्र काढून मोकळे होतात. पण मुद्दा कळला.

निशिगंधा_म
मला वहीचं नाही, दुसरंच विचारायचंय. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, सगळं मीच बघते. येणारे नातेवाईक म्हणतात, "देवाचे आभार मान, निदान बोलतात तरी, अमक्यांच्या घरी तेही नाही." ऐकलं की डोकं तडकतं. मग वाटतं आपणच वाईट. यालाही कृतज्ञताच म्हणायचं का?

मानसी_कु
नाही. दुसऱ्याचं वाईट चाललंय म्हणून आपलं बरं मानणं ही तुलना झाली. तिला वेगळं मानतात. एमन्स-मॅकलॉ यांच्या दुसऱ्या प्रयोगात तर या तुलनेचा वेगळाच गट होता : इतरांपेक्षा आपण कुठे सुदैवी आहोत ते लिहा. कृतज्ञता लिहिणाऱ्यांची मन:स्थिती जितकी सुधारली तितकी त्यांची नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. "आभार मान" हे वाक्य तुमच्या थकव्याच्या उत्तरादाखल येतं. त्यात तुमची तक्रार ऐकून न घेता परत पाठवली जाते. तुम्हाला राग येतो तो देवावर नाही, त्या परत पाठवण्यावर. एक ओळखायची खूण सांगते. कृतज्ञतेनंतर माणूस कोणाजवळ तरी सरकतो, निदान मनाने. ती ऐकून तुम्ही आक्रसत असाल, गप्प होत असाल, तर ते दुसरंच काहीतरी आहे. रात्री उठायची पाळी आठवड्यातून दोनदा घेईल असं माणूस शोधणं हे इथे कुठल्याही वहीच्या आधी येतं.

निशिगंधा_म
पाळी घेणारं कोणी नाहीये. पण "परत पाठवणं" हा शब्द बरोबर आहे.

भाषाभ्रमर
एक मुद्दा राहतोय. मुळात ही रीत आपल्या भाषेत बसते का? महादेव आपटे यांनी १९७४ मध्ये मराठी, हिंदी आणि इंग्रजीतल्या आभार मानण्यावर लेख लिहिला होता. घरच्या माणसांत मराठी माणूस तोंडाने आभार मानत नाही, मानले तर ते दुरावा दाखवल्यासारखं वाटतं, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलंय. आईने ताट वाढल्यावर "धन्यवाद आई" म्हणा, आई कपाळाला हात लावून ताप बघेल. आपण "पोटभर जेवलो" म्हणतो, किंवा आणखी एक पोळी मागून घेतो. वहीत मात्र तीच मुलगी रोज "आई" लिहिते आणि तीच आई खाली सही करते!

सदाशिवपेठी
पण आपल्या संस्कृतीत तर ऋण मानण्याची केवढी परंपरा आहे. मातृऋण, पितृऋण. उलट आपल्याला हे सोपं जायला हवं.

मानसी_कु
तिथेच पंचाईत आहे. ऋण म्हणजे फेडायचं असतं. "हे मिळालं, छान झालं" आणि "हे मिळालं, आता परत करायला हवं" या दोन भावना आत वेगवेगळ्या जाणवतात. लिलिया टिटोव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये भारतीय आणि गोऱ्या अमेरिकन लोकांना कृतज्ञतेचं पत्र लिहायला लावलं. भारतीयांना बरं वाटलंच, पण त्यासोबत खिन्नता आणि अपराधीपणाही वर आला. कोरियन विद्यार्थ्यांनाही अशा पत्रांचा फायदा अमेरिकन मुलांपेक्षा कमी झाला, असा २०१३ चा अभ्यास आहे. म्हणजे भावना कमी नाही, तिच्या पोटात हिशोबही असतो. "आईने माझ्यासाठी एवढं केलं आणि मी काय केलं?" हा प्रश्न सहावीतल्या मुलीला रोज रात्री साडेनऊला पडायला हवा का?

भाषाभ्रमर
अपराधीपणा सगळाच वाईट असं मी म्हणणार नाही. थोडा असला की माणूस फोन तरी करतो.

मानसी_कु
मोठ्या माणसाच्या बाबतीत कदाचित. यावर माझं आणि तुमचं जमणार नाही.

रानमेवा
मूळ प्रश्नावर येऊ का? मी बाईंना भेटून काय बदल सुचवावेत?

मानसी_कु
पहिलं म्हणजे सही काढा. आई वाचणार म्हटल्यावर पहिलं नाव आईचंच येणार, ती नोंद तुमच्यासाठी लिहिलेली असते. बाईंनी फक्त लिहिलंय की नाही एवढं बघावं, मजकूर वाचू नये. दुसरं, रोजऐवजी शुक्रवारी, वर्गातच, दहा मिनिटं. एक किंवा दोन नोंदी. काहीच सुचलं नाही तर पान कोरं ठेवायची मुभा, शेरा न देता. ही मुभा कागदावर नसेल तर मुलं ती घेत नाहीत.

तिसरं खरं काम. २०१४ मध्ये फ्रो यांनीच आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी पाच तासिकांचा छोटा अभ्यासक्रम करून बघितला. त्यात "कृतज्ञ व्हा" असं सांगायचंच नव्हतं. कोणी आपल्यासाठी काही केलं की तीन गोष्टी शोधायच्या : त्याने ते मुद्दाम केलं का, त्याला त्यासाठी काय सोसावं लागलं, आणि आपल्याला त्याचा काय उपयोग झाला. नंतर शाळेच्या पालक-शिक्षक संघाला आभाराची पत्रं लिहायची संधी दिली, तेव्हा या मुलांनी दुसऱ्या गटापेक्षा ८० टक्के जास्त पत्रं लिहिली. ऐच्छिक होतं, कोणी मोजून मागितली नव्हती.

समजा वहीत "व्हॅनवाले काका" अशी नोंद आहे. तीन प्रश्न लावा. मुद्दाम केलं का? मंगळवारी पावसात माझ्या सॅंडलचा पट्टा तुटला तर काका थांबले, हॉर्न वाजवला नाही. त्यांना काय सोसावं लागलं? मागे सात मुलं होती, पुढच्या शाळेला उशीर झाला, तिथल्या वॉचमनची बोलणी बसली. मला काय झालं? चिखलात अनवाणी धावावं लागलं नाही. आता ही एकच नोंद पाचांच्या जागी पुरते आणि ती बुधवारी पुन्हा लिहिता येत नाही, कारण बुधवारी पट्टा तुटला नव्हता. यादी खोटी पडतेय हे यावरूनच कळतं : वरची तारीख बदलली आणि नोंद तशीच खरी राहिली, तर त्यात काही बघितलेलंच नाही.

आडवाटेवरचा
मग काकांना ते सांगायचं की वहीतच ठेवायचं?

मानसी_कु
सांगितलं तर चांगलंच. २०१८ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी दाखवलं की आभाराचं पत्र पाठवणाऱ्याला वाटतं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात समोरचा तेवढा अवघडत नाही आणि पाठवणाऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त खूश होतो. पण शाळेने "आज प्रत्येकाने एकाला सांगून या" असा गृहपाठ दिला की संपलं. मग काकांना एकाच सकाळी आठ धन्यवाद मिळतील आणि ते विचारतील, काय रे, आज काय आहे शाळेत?

पराणी
आणि ज्या मुलाच्या घरी रोज मार आहे, त्याने "बाबा" लिहायचं की नाही? बाई वाचतात, सही बाबांची.

मानसी_कु
म्हणूनच सही पहिली काढायला सांगितली. आणि असं मूल वर्गात असेल तर कोरं पान बाईंना काहीतरी सांगत असतं. पाच ओळी भरायची सक्ती केली की तेवढीही खूण जाते.

रानमेवा
आज भेटून आले. वर्गशिक्षिका ऐकून घेतात, चांगल्या आहेत. सही काढायला लगेच तयार झाल्या, त्यांनाही चाळीस वह्या रोज बघणं जड जात होतं. शुक्रवारचं मुख्याध्यापकांना विचारून सांगते म्हणाल्या. कोऱ्या पानाला मात्र नाही म्हणाल्या. "मग सगळेच कोरं ठेवतील."

आडवाटेवरचा
ठेवू देत की दोन शुक्रवार. तिसऱ्याला किती भरतात ते मोजा म्हणावं.

रानमेवा
तेच बोलून बघते. घरी आल्यावर लेकीने विचारलं, सही नाही तर तू वाचणार नाहीस ना? नाही म्हटलं. वही घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. काय लिहिलं कोण जाणे.

दिगूअण्णा
आभारप्रदर्शन झालं. वरचे तीन प्रश्न वापरले. मांडववाल्याने ऐन वेळी पावसात ताडपत्री आणून बांधली होती, तेवढंच सविस्तर सांगितलं, बाकी कोणाचं नाव घेतलं नाही. लोक बसून राहिले. खजिनदार मात्र रुसले आहेत.